गोदामात साठलेला नफा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत घरगुती वापराचे, एक अश्वशक्तीचे मोनोब्लॉक पंप बनवणारा एक कारखाना आहे असं धरू. कारखाना मनातला आहे आणि आकडे हिशेब सोपा राहावा म्हणून गोल घेतले आहेत, पण गोष्ट पुष्कळ कारखान्यांत घडते तीच. या कारखान्याने सलग तीन वर्षं दरवर्षी ८,००० पंप विकले. भाव तिन्ही वर्षं ५,००० रुपये. ओतकामाचा, तांब्याच्या तारेचा दर बदलला नाही, कामगारांचा उक्ता दर बदलला नाही, शेडचं भाडंही नाही. तरीही ताळेबंद हाती आले तेव्हा पहिल्या वर्षी नफा १० लाख होता, दुसऱ्या वर्षी ३४ लाख, आणि तिसऱ्या वर्षी चक्क १४ लाखांचा तोटा.

चोरी झालेली नाही, हिशेब चुकलेला नाही, कुणी खोटी बिलंही लावलेली नाहीत. सीएने तिन्ही ताळेबंदांवर नियमाप्रमाणे सही केली आहे. दुसऱ्या वर्षी मालकांनी सीएला विचारलं असतं, "साहेब, विक्री तेवढीच, भाव तोच. मग हे वरचे २४ लाख आले कुठून?" तर खरं उत्तर एवढंच होतं: "तुमच्या गोदामातून, अण्णा."

विकल्या गेलेल्या मालातून नफा होतो हे कुणालाही कळतं. न विकलेल्या मालाने नफा वाढतो, हे पटायला मात्र कारखान्याचा खर्च उघडून पाहावा लागतो.

एका पंपाला कास्टिंग, स्टॅम्पिंग, तार, बेअरिंग, शाफ्ट, रंग, पॅकिंग आणि नगावर दिलेली मजुरी मिळून ३,००० रुपये लागतात. पंप बनवला नाही तर हा खर्च होतच नाही. हा बदलता खर्च. दुसऱ्या बाजूला शेडचं भाडं, सुपरवायझर आणि कायम कामगारांचे पगार, यंत्रांचा घसारा, विमा, वीजबिलातला मागणी आकार असा वर्षाला १ कोटी २० लाखांचा खर्च आहे. पंप ६,००० बनोत की १०,०००, तो तेवढाच. हा कारखान्याचा स्थिर खर्च. शिवाय ऑफिस आणि विक्रीचे ३० लाख वेगळे. ते दोन्ही पद्धतींत त्या त्या वर्षीच खर्ची पडतात, त्यामुळे आपल्या वादात त्यांचा सहभाग नाही.

वाद आहे तो १ कोटी २० लाखांचा. हा खर्च पंपाचा म्हणायचा की वर्षाचा?

व्हेरिएबल कॉस्टिंग, ज्याला आपल्याकडच्या बी.कॉम.च्या पुस्तकांत मार्जिनल कॉस्टिंग म्हणतात, ते म्हणतं की हा वर्षाचा खर्च आहे. एप्रिलचं भाडं एप्रिल भोगल्याबद्दल दिलं. त्या महिन्यात पंप बनले की नाही, घरमालकाला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून हा सगळा खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा करा, आणि शिल्लक राहिलेल्या पंपाची किंमत फक्त ३,००० रुपये धरा. अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगचं म्हणणं वेगळं: शेड नसती, सुपरवायझर नसता तर पंप बनलाच नसता. त्यामुळे भाड्याचा आणि पगाराचा वाटा प्रत्येक पंपावर चढवा. पंप विकला गेला की तो वाटा खर्चात जाईल. विकला गेला नाही तर तो पंपाच्या पाठीवर बसून गोदामात जाईल आणि ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसेल.

पहिल्या वर्षी ८,००० पंप बनले आणि ८,००० विकले गेले. गोदामात काही गेलंच नाही, त्यामुळे दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. दर पंपामागे बदलता खर्च काढून उरतात २,००० रुपये, म्हणजे एकूण १ कोटी ६० लाख. त्यातून कारखान्याचे १ कोटी २० लाख आणि ऑफिसचे ३० लाख गेले, हाती राहिले १० लाख.

दुसऱ्या वर्षी कारखाना पूर्ण क्षमतेने चालला आणि १०,००० पंप बनले. विकले गेले ८,०००. आता १ कोटी २० लाख १०,००० पंपांवर वाटले की दर पंपावर १,२०० रुपये चढतात, आणि पंपाची पूर्ण किंमत होते ४,२००. विकलेल्या ८,००० पंपांबरोबर ९६ लाखांचा स्थिर खर्च नफा-तोटा पत्रकात आला. उरलेले २४ लाख गोदामातल्या २,००० पंपांवर चढून ताळेबंदात जाऊन बसले. भाडं सगळं भरलं, पगार सगळे दिले, पण त्यातला पाचवा हिस्सा त्या वर्षीचा खर्च म्हणून दिसलाच नाही. १० लाखांचा नफा ३४ लाख झाला तो असा. व्हेरिएबल पद्धतीत पूर्ण १ कोटी २० लाख त्याच वर्षी वजा झाले असते आणि नफा पुन्हा १० लाखच दिसला असता.

तिसऱ्या वर्षी मालकांनी गोदामाकडे पाहिलं आणि उत्पादन कमी केलं. ६,००० पंप बनवले, मागचे २,००० धरून ८,००० विकले, गोदाम रिकामं केलं. आता व्हेरिएबल पद्धत तिसऱ्यांदाही १० लाखच सांगते. अ‍ॅब्सॉर्प्शनमध्ये मात्र या वर्षाचे १ कोटी २० लाख तर पडलेच, वर गेल्या वर्षी पंपांच्या पाठीवर बसून गेलेले २४ लाखही या वर्षी खाली उतरले. एकूण १ कोटी ४४ लाख. १ कोटी ६० लाखांतून ते आणि ऑफिसचे ३० लाख वजा केले की १४ लाखांचा तोटा.

तिन्ही वर्षांची बेरीज करून पाहा. १० अधिक ३४ वजा १४, म्हणजे ३० लाख. दुसरीकडे दहा-दहा-दहा, तेही ३० लाखच. एकूण नफ्यात एक रुपयाचाही फरक नाही. तो कोणत्या वर्षात दिसायचा, एवढंच बदललं. फरक किती, हे काढायला कागदही लागत नाही: साठा जितक्या नगांनी वाढला त्याला नगामागच्या स्थिर खर्चाने गुणायचं. २,००० गुणिले १,२००, झाले २४ लाख. साठा वाढला तर अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा तेवढ्याने जास्त, घटला तर तेवढ्याने कमी. नगामागचा दर दोन वर्षांत वेगळा असेल तर आरंभीच्या आणि अखेरच्या साठ्यात अडकलेला स्थिर खर्च वेगवेगळा काढून त्यांची वजाबाकी करावी लागते, पण तत्त्व तेच.

इथवर हा फक्त वेळेचा फरक वाटतो, आणि पुष्कळ प्राध्यापक तो तिथेच सोडून देतात. खरा त्रास पुढे आहे. नफ्याचा तो आकडा बघून माणसं निर्णय घेतात.

दुसरं वर्ष थोडं बदलून पाहू. समजा त्या वर्षी धंदा मंद होता आणि ८,००० ऐवजी ७,५०० पंपच विकले गेले. उत्पादन मात्र १०,००० वरच ठेवलं. गोदामात २,५०० पंप राहिले आणि त्यांच्याबरोबर ३० लाखांचा स्थिर खर्च गेला. अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा येतो ३० लाख. पहिल्या वर्षापेक्षा विक्री ५०० पंपांनी घसरली आणि नफा तिप्पट झाला. व्हेरिएबल पद्धत त्याच वर्षाबद्दल सांगते की नफा शून्य, ना फायदा ना तोटा. फॅक्टरी मॅनेजरचा बोनस नफ्यावर ठरलेला असेल तर त्याला विक्रीच्या माणसांची वाटसुद्धा बघायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिसरी पाळी लावली की पुरे.

उलटी बाजू मला जास्त अन्यायाची वाटते. तिसऱ्या वर्षी ज्याने गोदाम रिकामं केलं, अडकलेला पैसा सोडवला, त्याच्या नावावर तोटा लागतो. ज्या कारखान्यांनी साठा कमी ठेवायची शिस्त लावून घ्यायचं ठरवलं, त्यांना पहिल्याच वर्षी हा फटका बसतो, कारण साठा उतरताना जुना स्थिर खर्च एकदम अंगावर येतो. संचालकांना हे आधी समजावून सांगितलं नसेल तर चांगल्या कामाबद्दल मॅनेजरची खरडपट्टी निघते.

हा पेच जुना आहे. १९३६ साली अमेरिकेत जोनाथन हॅरिस यांचा एक लेख कॉस्ट अकाउंटंट्सच्या राष्ट्रीय संघटनेच्या पत्रिकेत आला. गेल्या महिन्यात आपण काय कमावलं, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. विक्री वाढलेल्या महिन्यात नफा का घटतो, हे कंपनीच्या प्रमुखाला कसं समजावायचं, या प्रश्नावरच तो लेख उभा होता. व्हेरिएबल पद्धतीचा, तेव्हाच्या भाषेत डायरेक्ट कॉस्टिंगचा, जाहीर आग्रह तिथून सुरू झाला असं साधारण मानलं जातं. पुढे १९७० च्या दशकात क्रायसलर कंपनीने डीलरची ऑर्डर नसताना मोटारी बनवून डेट्रॉइटच्या आसपासच्या मोकळ्या मैदानांवर उभ्या करून ठेवल्या. या प्रकाराला तिथे सेल्स बँक म्हणत. त्यामागे हिशेबपद्धत हे एकच कारण नव्हतं, कारखाने चालू ठेवायचे होते. पण उन्हापावसात उभ्या असलेल्या त्या मोटारी कंपनीच्या पुस्तकात मालमत्ता म्हणूनच दिसत होत्या. डीलर महिनाअखेरची वाट बघत थांबायचे, कारण तेव्हा त्या सवलतीत निघायच्या. ली आयाकोका आल्यावर त्यांनी ही पद्धत मोडून काढली.

मग व्हेरिएबल पद्धतच का वापरत नाहीत? कारण बाहेरच्या जगाला दाखवायच्या हिशेबात ती चालत नाही. आपल्याकडे एएस-२ आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड-एएस-२ ही दोन्ही लेखा-मानकं सांगतात की तयार मालाच्या किमतीत कारखान्याचा स्थिर खर्चही धरायचाच. आयकरासाठीच्या आयसीडीएस-२ मध्येही तेच आहे. व्हेरिएबलचं पत्रक मालकाच्या टेबलावर ठेवता येतं, सीएच्या सहीखाली नाही.

मानक लिहिणाऱ्यांना पळवाट दिसली नव्हती असं मात्र नाही. त्यांनी तिच्यातली एक बुजवली आणि दुसरी उघडी राहिली. नियम असा की स्थिर खर्च नगावर चढवताना भागाकार सर्वसाधारण क्षमतेने करायचा, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत, दुरुस्तीचे दिवस धरून, काही वर्षांच्या सरासरीने जेवढं उत्पादन अपेक्षित असतं तेवढ्याने. आपल्या कारखान्याची ही क्षमता १०,००० धरू. समजा एखाद्या वर्षी ६,००० च पंप बनले आणि त्यातले १,००० उरले. प्रत्यक्ष उत्पादनाने भागलं तर दर पंपावर २,००० रुपये चढतील आणि रिकाम्या बसलेल्या यंत्रांचा खर्चही शिल्लक मालावर जाईल. नियम म्हणतो, नाही, १,२०० च चढवा. न वापरलेल्या क्षमतेचे ४८ लाख त्याच वर्षी नफा-तोट्यात टाका. हे योग्यच आहे.

पण उत्पादन जास्त झालं तर? १२,००० बनवून ८,००० विकले, तर नियमाप्रमाणे दर १,००० वर उतरतो, कारण मालावर प्रत्यक्ष झालेल्या खर्चापेक्षा जास्त चढवायचं नाही. तरीही ४,००० पंपांबरोबर ४० लाख गोदामात जातात आणि नफा ५० लाख होतो. नियम काटेकोर पाळूनही, नुसता माल बनवून नफा वाढवण्याचा रस्ता मोकळाच राहतो.

त्याला अखेरची आडकाठी एकच. शिल्लक माल त्याची किंमत आणि विकून प्रत्यक्ष मिळेल ती रक्कम, यांपैकी जे कमी असेल त्याने मांडायचा. बाजारात नवीन मॉडेल आलं आणि आपला पंप विक्रीचा खर्च जाता ३,८०० लाच जाणार असं दिसलं, तर ४,२०० ला मांडलेल्या प्रत्येक पंपावर ४०० रुपयांचा तोटा लगेच लिहावा लागतो. मात्र पाण्याच्या पंपासारखा माल लवकर जुना होत नाही, त्यामुळे ही आडकाठी पुष्कळदा उशिरा पडते.

दुसऱ्या वर्षातल्या ३४ लाखांकडे रोकडीच्या बाजूने पाहिलं की चित्र आणखी स्वच्छ होतं. न विकलेल्या २,००० पंपांच्या तारेवर, कास्टिंगवर, मजुरीवर ६० लाख रुपये खिशातून गेले. त्यांच्याबद्दल एक पैसाही आलेला नाही. ताळेबंद म्हणतो नफा २४ लाखांनी वाढला, बँकेचं खातं म्हणतं ६० लाख कमी झाले. शिवाय वाढलेल्या नफ्यावर कर भरायचा. दर २५ टक्के धरला तरी ६ लाख. तिसऱ्या वर्षीचा तोटा पुढे ओढून त्यातले काही परत वसूल होतात, पण ते नंतर, आणि तेव्हा नफा झाला तर.

इथे बँकेचं वागणंही पाहण्यासारखं आहे. कारखानदार दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो, आणि साधारण पाव हिस्सा मार्जिन ठेवून उरलेल्या रकमेपर्यंत बँक कॅश क्रेडिटमधून पैसे उचलू देते. २,००० पंप ४,२०० ने मांडले की ८४ लाख, त्याच्या तीन चतुर्थांश ६३ लाख. म्हणजे पंप बनवायला गेलेले ६० लाख बँकेकडूनच मिळाले आणि मालकाला पैशाची चणचण जाणवलीच नाही. हेच पंप ३,००० ने मांडले असते तर उचल ४५ लाखांपर्यंतच मिळाली असती आणि १५ लाख स्वतःचे घालताना मालक थबकले असते. बँकेचं व्याज आपल्या उदाहरणात धरलेलं नाही. असा माल बनवताना लागलेलं व्याज सहसा मालावर चढवत नाहीत, ते सरळ नफ्यातून जातं, आणि पंप जितके महिने पडून राहतील तितकं वाढत जातं.

एवढं सगळं ऐकून व्हेरिएबल पद्धतीच्याच बाजूने कौल द्यावासा वाटेल. तसा तो सरसकट देता येत नाही. पेणमधल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांचं उदाहरण घ्या. तिथे काम वर्षातले कितीतरी महिने चालतं आणि माल जातो तो मुख्यतः गणपतीच्या आधी. शेडचं भाडं आणि कायम कारागिरांचे पगार दर महिन्याला खर्ची टाकत गेलं, तर महिन्यामागून महिना तोटा दिसेल आणि शेवटी एकदम डोळे दिपवणारा नफा. यातला एकही आकडा धंद्याची खरी अवस्था सांगत नाही. मूर्तींना मागणी येणार हे जवळजवळ ठरलेलं असताना त्या खर्चाला मूर्तीबरोबर पुढे जाऊ देणंच शहाणपणाचं. साठा कशासाठी वाढला, येऊ घातलेल्या हंगामासाठी की न झालेल्या विक्रीमुळे, यावर उत्तर अवलंबून आहे, आणि ते दोन्ही पद्धतींपैकी कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

व्हेरिएबल पद्धतीचा दुसरा धोका भाव ठरवताना दिसतो. पंपाची किंमत ३,००० अशी रोज डोळ्यांसमोर राहिली की विक्रीचा माणूस ३,५०० लाही ऑर्डर घेऊन येतो आणि ५०० सुटले म्हणून खूश होतो. रिकाम्या पडलेल्या क्षमतेवर एखादी अशी ऑर्डर ठीक. सगळेच पंप त्या भावाने गेले तर १ कोटी २० लाख कोण भरणार? शिवाय मजुरीला बदलता खर्च म्हणणं उक्त्या कामाला लागू पडतं. कायम कामगाराला काम नाही म्हणून या महिन्यात पगार नाही, असं म्हणता येत नाही. अशा कारखान्यात बदलता खर्च म्हणजे जवळपास कच्चा माल आणि वीज एवढंच उरतं.

म्हणून जाणते कारखानदार सीएसाठी एक पत्रक करतात आणि स्वतःसाठी दुसरं. दुसऱ्यात फक्त एक ओळ जास्त असते: शिल्लक मालात अडकलेला कारखान्याचा स्थिर खर्च, गेल्या मार्चला किती होता आणि या मार्चला किती आहे. त्या दोन आकड्यांतला फरक नफ्यातून काढला की व्हेरिएबलचा नफा मिळतो. मॅनेजरचा बोनस त्यावर ठरवावा, किंवा ठरलेल्या पातळीवरच्या साठ्यावर मॅनेजरच्या खात्यात व्याज लावावं. दोन्ही उपाय चालतात. व्याजाचा उपाय मला जास्त पसंत आहे, कारण त्याने हंगामाची तयारी करणाऱ्याला उगाच शिक्षा होत नाही, त्याने फक्त माल किती आधी बनवायचा याचा विचार करायचा असतो.

शेअर घेतलेल्या माणसाला ही जास्तीची ओळ मिळत नाही, कारण कंपन्या स्थिर खर्चाचा वाटा उघड करत नाहीत. पण कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणे छापलेल्या नफा-तोटा पत्रकात, खर्चाच्या यादीत, तयार माल आणि अर्धवट माल यांच्या साठ्यातला बदल अशी ओळ असते. तिथला आकडा कंसात असेल तर साठा वाढला आहे आणि तेवढी रक्कम खर्चातून वजा झाली आहे. विक्री जागच्या जागी, नफा वर, कंसातला आकडा मोठा आणि रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून आलेली रोकड उणे, असं चारही एकत्र दिसलं, तर वार्षिक सभेत उभं राहून एकच प्रश्न विचारावा: यंदा कारखान्याने किती नग बनवले आणि किती विकले?